खांबावरचा ट्रान्सफॉर्मर 11 हजार व्होल्टचे 230 कसे करतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये मी बरीच वर्षं जळालेले ट्रान्सफॉर्मर उघडून नव्याने भरले. आमच्या तालमीच्या मागे दोन खांबांवर एक डीपी आहे. संध्याकाळी कट्ट्यावर बसणारी नववी-दहावीची पोरं तिच्याकडे बघत मला प्रश्न विचारतात. तेच प्रश्न इथे घेतलेत, साधारण ज्या क्रमाने ते येतात त्याच क्रमाने.

काका, डीपी, ट्रान्सफॉर्मर आणि रोहित्र हे एकच की वेगवेगळं?

महावितरणच्या मराठी कागदांवर ट्रान्सफॉर्मरला रोहित्र म्हणतात. आपण बोलताना खांब, टाकी, खालची पेटी या सगळ्याला मिळून डीपी म्हणतो, आणि ‘डीपी जळाली’ म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा टाकीतला ट्रान्सफॉर्मर गेलेला असतो.

एकदा लांबूनच नीट बघून घे. वरून तीन तारा येतात, या 11 हजार व्होल्टच्या. त्या आधी गँग स्विचमधून, म्हणजे तिन्ही तारा एकदम तोडणाऱ्या स्विचमधून जातात; त्याचा लांब दांडा खांबाच्या बुडापर्यंत आलेला दिसेल. मग तीन तिरप्या नळ्या टांगलेल्या दिसतात, ते डीओ फ्यूज. त्यानंतर राखाडी टाकी. टाकीवर तीन उंच, चकत्याचकत्यांचे चिनी मातीचे खांब आहेत आणि दुसऱ्या बाजूला चार बुटके. त्यांना बुशिंग म्हणतात. उंच ते 11 हजारांचे, कारण तार आणि टाकीचा पत्रा यांच्यात जितके व्होल्ट जास्त तितकं अंतर जास्त ठेवावं लागतं. बुटक्या बुशिंगवरून जाड केबल खालच्या पेटीत जातात, आणि पेटीतून आपल्या गल्लीत.

मग उरलेले पावणे अकरा हजार व्होल्ट जातात कुठे? टाकीत जिरवतात का?

हा प्रश्न दर वर्षी कुणी ना कुणी विचारतोच. जिरवत नाहीत. जिरवायचे ठरवले तर टाकी काही मिनिटांत लालबुंद होईल. 100 केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, म्हणजे साधारण 100 किलोवॅट पेलणारा, पेठेतल्या आणि खेडेगावातल्या डीप्यांवर नेहमी दिसणारा, पूर्ण लोडवर चालला तरी त्यात साधारण दोन किलोवॅट उष्णता होते. शंभरातले दोन. बाकी सगळं पलीकडे पोचतं.

याच्याहून नवलाची गोष्ट म्हणजे वरच्या तारेतली वीज खालच्या तारेत येतच नाही. आत प्रत्येक फेजला दोन वेगवेगळ्या कॉईल आहेत, 11 हजारांच्या बाजूची ती वरची आणि गल्लीच्या बाजूची ती खालची म्हणू, आणि त्यांच्यामध्ये कागद, पुठ्ठा आणि तेल आहे. 11 हजारांची तार कुठेही 230 च्या तारेला टेकलेली नाही. टेकली तर तो बिघाड समजायचा, आणि तो फार वाईट बिघाड असतो.

तार जोडलेलीच नाही, तर वीज पलीकडे जाते कशी?

ही गोष्ट पहिल्यांदा मायकल फॅरेडेने 1831 साली पाहिली. त्याने एका लोखंडी कड्यावर दोन कॉईल गुंडाळल्या, एक कड्याच्या या बाजूला आणि एक त्या बाजूला. पहिलीला बॅटरी जोडली, दुसरीला सुईचं मापक. बॅटरी जोडली त्या क्षणी सुई हलली आणि परत शून्यावर आली. बॅटरी जोडलेली होती तोवर सुई तशीच पडून राहिली. बॅटरी काढली तेव्हा पुन्हा हलली, या वेळी उलट्या बाजूला. म्हणजे लोखंडातलं चुंबकत्व नुसतं असून चालत नाही. ते *बदलत* असेल तेवढाच वेळ दुसऱ्या कॉईलमध्ये व्होल्ट तयार होतात. खांबावरच्या टाकीत फॅरेडेचं तेच कडं आहे, फक्त मोठं आणि तेलात बुडवलेलं.

आपल्या तारांमधला करंट सेकंदाला 50 वेळा पुढे-मागे होतो. त्यामुळे लोखंडातलं चुंबकत्वही सतत चढतं, उतरतं, उलटं होतं. आता नीट ऐक, कारण सगळी किल्ली इथे आहे. त्या लोखंडाभोवती तारेचा *एक* वेढा घातला की त्या वेढ्यात काही ठरावीक व्होल्ट येतात. हिशेब सोपा जावा म्हणून 5 धरू. 100 केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरला हा आकडा खऱ्याच्या जवळचा आहे. वेढा वरच्या कॉईलचा आहे की खालच्या, बारीक तारेचा आहे की जाड पट्टीचा, लोखंडाला त्याचं काही देणंघेणं नाही. प्रत्येक वेढ्याला 5 व्होल्ट.

वरच्या कॉईलला 2200 वेढे आहेत. 2200 गुणिले 5, झाले 11,000. खालच्या कॉईलला 50 वेढे. 50 गुणिले 5, झाले 250; 230 का नाहीत ते पुढे सांगतो. व्होल्ट उतरतात ते एवढ्यानेच. 2200 भागिले 50 म्हणजे 44, आणि हा 44 चा आकडा लक्षात ठेव. आपल्याकडच्या 11 हजारांच्या डीपीचा सगळा कारभार त्याच्यावर चालतो.

वर्कशॉपमध्ये मला पहिल्यांदा वेढे मोजायच्याच कामावर बसवलं होतं. बारीक तारेच्या कॉईलमध्ये 2200 च्या जागी 2201 झाले तर कुणाला कळणारही नाही. पण जाड पट्टीच्या कॉईलमध्ये 50 च्या जागी 51 झाले तर 250 चे 255 होतात, आणि तेही तीनपैकी एकाच फेजवर. म्हणून खालची कॉईल दोघांनी मोजायची असा तिथला रिवाज होता. भरून झाल्यावर तपासायलाही 11 हजार व्होल्ट लागत नाहीत. वरच्या बाजूला साधी 440 व्होल्टची थ्री-फेज द्यायची आणि खालच्या बाजूला मीटर लावायचं. प्रत्येक फेजवर 10 व्होल्ट दिसले की गणित जमलं.

बॅटरी लावली तर?

चुंबकत्व बदलत नाही, म्हणून खालच्या बाजूला काहीच मिळत नाही. वरच्या कॉईलला तर धोकाच असतो. एरवी त्या कॉईलमध्ये उलट दिशेने तयार होणारे 11 हजार व्होल्टच बाहेरून येणाऱ्या 11 हजारांना थोपवून धरतात. तेवढेच 11 हजार व्होल्ट बॅटरीसारखे न बदलणारे, म्हणजे डीसी, दिले तर थोपवणारं कुणी नाही, राहतो फक्त तारेचा किरकोळ विरोध, आणि कॉईल जळते.

11 हजार आणायचेच कशाला? सबस्टेशनमधूनच 230 पाठवले तर ट्रान्सफॉर्मरची कटकटच मिटेल की!

करवीर तालुक्यातल्या एखाद्या गावाच्या शिवारात ऊसाला पाणी देणारे पंप आहेत, आणि सबस्टेशन तिथून पाचेक किलोमीटरवर आहे असं समज. पंपांना मिळून 100 केव्हीए लागतात. 11 हजारांवर पाठवलं तर प्रत्येक तारेतून सव्वापाच अँपिअर जातात. तीच ताकद थेट घरगुती दाबाने पाठवायची म्हटली तर 133 अँपिअर लागतील, म्हणजे जवळपास 25 पट.

तारेत वाया जाणारी उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. 25 पट करंट म्हणजे 25 गुणिले 25, सव्वासहाशे पट उष्णता, त्याच तारेत. पंपाच्या आधी तारच तापेल. ते टाळायचं तर मनगटाएवढ्या जाड तारा ओढाव्या लागतील. म्हणून जमेल तेवढं लांब जास्त व्होल्टवर यायचं आणि घराच्या, विहिरीच्या शक्य तितक्या जवळ उतरवायचं. डीप्या गल्लोगल्ली दिसतात त्या याच कारणाने.

वर सव्वापाच अँपिअर आणि खाली 133? मग वीज वाढली की!

करंट वाढला, वीज नाही वाढली. व्होल्ट 44 पट उतरले की करंट 44 पट चढतो, गुणाकार तोच राहतो. (133 भागिले सव्वापाच केलंस तर 44 येणार नाहीत, 25 येतील. याचं कारण वरच्या तीन कॉईल तारांना ज्या रीतीने जोडल्या आहेत त्यात आहे: प्रत्येक तारेचा करंट दोन कॉईलमध्ये वाटला जातो. एका कॉईलमधून जातात फक्त 3 अँपिअर. 133 ला 3.03 ने भाग, 44 मिळतील.)

टाकी उघडली की हेच डोळ्यांना दिसतं. आतली, लोखंडाला लागून असलेली कॉईल जाड पट्टीची आणि मोजक्या वेढ्यांची. बाहेरची बारीक तारेची, शेकडो वेढ्यांची.

गल्लीत कुणी गिझर लावला तर वरच्या कॉईलला ते कळतं कसं? तार तर जोडलेली नाही.

हा प्रश्न विचारणाऱ्या पोरीला मी त्या दिवशी वडापाव खायला घातला होता.

गिझर लागला की खालच्या कॉईलमधून करंट वाहू लागतो. हा करंट लोखंडात स्वतःचं चुंबकत्व तयार करतो, आणि ते मूळ चुंबकत्वाच्या विरुद्ध असतं. लोखंडातलं चुंबकत्व किंचित ढासळतं. ते ढासळलं की वरच्या कॉईलच्या प्रत्येक वेढ्यात 5 च्या जागी किंचित कमी व्होल्ट तयार होतात. आता बाहेरून येणाऱ्या 11 हजारांना थोपवणारा जोर तेवढा कमी पडला. लगेच बाहेरून जास्त करंट आत शिरतो आणि चुंबकत्व पुन्हा जागेवर आणतो. खाली 44 अँपिअर वाढले तर वर 1 अँपिअर वाढला की तोल सावरतो. हे सगळं इतक्या झटपट होतं की ढासळणं आणि सावरणं वेगळं दिसतच नाही. मध्ये कुणी नियंत्रण करणारं यंत्र नाही, हलणारा एकही भाग नाही.

वर तीन तारा आणि खाली चार. चौथी आली कुठून?

टाकीच्या आतून. लोखंडाला तीन पाय आहेत आणि प्रत्येक पायावर कॉईलची एक जोडी. वरच्या तीन कॉईल त्रिकोणात जोडतात: प्रत्येक कॉईल दोन तारांच्या मधोमध. याला डेल्टा म्हणतात, आणि त्यात चौथ्या तारेचं काम नाही. खालच्या तिन्ही कॉईलचं एकेक टोक एकत्र बांधून बाहेर काढतात, तोच न्यूट्रल. तो डीपीच्या पायथ्याशी जमिनीत अर्थिंगला जोडलेला असतो. उरलेली तीन टोकं म्हणजे तीन फेज.

फेज आणि न्यूट्रल यांच्यात 250, आणि दोन फेजच्या मध्ये 433. दुप्पट होत नाहीत, कारण तिन्ही फेज एकाच वेळी चढत-उतरत नाहीत, एकामागून एक चालतात, म्हणून 1.73 पट.

डीपी सतत गूं करते, ते काय?

लोखंडात चुंबकत्व शिरलं की ते अगदी सूक्ष्म लांबतं-आखडतं. चुंबकत्व सेकंदाला 50 वेळा सुलट आणि 50 वेळा उलट होतं, आणि लांबणं-आखडणं दोन्ही वेळा होतं. म्हणून आवाज सेकंदाला 100 कंपनांचा. बारीक गूं असली तर ठीक. आत कडकड, चरचर किंवा पाणी उकळल्यासारखा आवाज येत असेल तर कळवायला हवं.

(हे लोखंड एकसंध ओतलेलं नसतं. कागदासारख्या पातळ पत्र्यांची चवड असते, आणि प्रत्येक पत्र्यावर वीज न जाणारा थर. एकसंध असतं तर ते स्वतःच एक जाड वेढा बनून आत करंट फिरला असता आणि लोखंड तापलं असतं.)

तेल कशाला? आणि कोपऱ्यातल्या बाटलीत रंगीत खडे का असतात?

तेल दोन कामं करतं. कॉईलची उष्णता उचलून वर नेतं, टाकीच्या पत्र्यांच्या पंखांतून ती हवेत सोडतं आणि गार होऊन खाली येतं; पंप लागत नाही. दुसरं, चांगलं तेल हवेपेक्षा कितीतरी जास्त व्होल्ट अडवतं. तपासताना तेलात दोन गोळे अडीच मिलिमीटर अंतरावर ठेवतात आणि व्होल्ट वाढवत नेतात. वापरातल्या तेलाने निदान 30 हजार व्होल्टपर्यंत तरी ठिणगी पडू देऊ नये अशी अपेक्षा असते.

तेलाचा वैरी म्हणजे पाणी. दिवसा तेल तापून फुगतं, रात्री आक्रसतं, आणि आक्रसताना बाहेरची हवा आत ओढली जाते. कोल्हापूरच्या जुलैत ती हवा किती ओली असते ते तुला सांगायला नको. म्हणून हवेचा रस्ता त्या बाटलीतून काढलेला असतो. तिला ब्रीदर म्हणतात, आणि तिच्यातले सिलिका जेलचे खडे ओल शोषून घेतात. निळे असतील तर कोरडे, गुलाबी झाले तर भिजले. गुलाबी खड्यांची डीपी पावसाळाभर तशीच राहिली की आतला कागद ओल धरतो. अशा कितीतरी टाक्या आमच्याकडे दिवाळीच्या आसपास उघडायला यायच्या.

मग आमच्या घरी 250 का नाहीत? संध्याकाळी तर 215 दिसतात.

250 म्हणजे गल्लीत कुणीच काही लावलेलं नसताना. लोड आला की पहिला घट ट्रान्सफॉर्मरच्या आतच होतो, चांगल्या लोडवर साधारण 10 व्होल्टचा. डीपीवर राहिले 240.

पुढचा घट तारेत. आपल्या गल्लीत जी तार आहे तिला ‘रॅबिट’ म्हणतात. खरंच, या तारांना प्राण्यांची नावं आहेत: वीझल बारीक, रॅबिट तिच्याहून जाड, डॉग आणखी जाड. रॅबिटचा विरोध किलोमीटरला अर्ध्या ओहमहून थोडा जास्त. तुझं घर डीपीपासून 300 मीटरवर आहे, पण करंट फेजमधून येतो आणि न्यूट्रलमधून परत जातो, म्हणून तार मोजायची 600 मीटर. विरोध झाला 0.33 ओहम. संध्याकाळी तुमच्या टोकाच्या घरांचे मिळून 60 अँपिअर चालू असतील तर 60 गुणिले 0.33, जवळजवळ 20 व्होल्ट तारेतच गेले. उरले 220. आणखी दोन एसी लागले की 215. घरी 230 च्या सहा टक्के वर-खाली, म्हणजे 216 ते 244 एवढं चालतं असं धरतात. तुमचं घर काठावर आहे.

डीपीजवळ राहणारा तुझा मित्र त्याच वेळी 238 बघत असतो. ट्रान्सफॉर्मर बदलून तुझा हा प्रश्न सुटणार नाही. तार जाड करणं, लोड तीन फेजवर सारखा वाटणं किंवा गल्लीच्या टोकाला दुसरी डीपी देणं, यांतलं काहीतरी करावं लागतं.

मागच्या आठवड्यात आमच्या गल्लीत पंखे मंद झाले आणि शेजारच्या गल्लीत सगळं नीट होतं. वायरमन आला आणि म्हणाला, ‘वरचा डीओ गेलाय.’ त्याने नुसतं बघून कसं ओळखलं?

वरच्या तीन तारांना क, ख, ग म्हणू. त्रिकोणाच्या तीन कॉईल: एक क-ख च्या मध्ये, एक ख-ग च्या मध्ये, एक ग-क च्या मध्ये. आता वादळात फांदी लागून किंवा वीज पडून क चा डीओ उडाला. उडाला की त्याची नळी खाली लोंबते, ती जमिनीवरूनही दिसते.

ख-ग मधल्या कॉईलला काहीच फरक पडला नाही. तिला अजूनही पूर्ण 11 हजार मिळताहेत, म्हणून तिच्यासमोरच्या खालच्या कॉईलमध्ये 250. शेजारची गल्ली या फेजवर होती.

उरलेल्या दोघींचं बघ. क कडून काही येत नाही, पण क च्या टोकाला त्या एकमेकींना अजून जोडलेल्या आहेत. म्हणजे ख पासून निघून एका कॉईलमधून क च्या टोकाला आणि तिथून दुसऱ्या कॉईलमधून ग ला, असा एकच रस्ता उरला. दोघी मिळून ख-ग चे 11 हजार वाटून घेतात. लोड सारखा असेल तर प्रत्येकीला साडेपाच हजार, आणि खाली, 44 ने भागून, 125 व्होल्ट. लोड सारखा नसेल तर जिच्यावर जास्त लोड तिच्या वाट्याला कमी येतं: एका गल्लीत 80, दुसरीत 170. दोघींची बेरीज 250 च्या आसपास.

म्हणून वायरमनने ताळा असा घातला: एक फेज पूर्ण, दोन फेज अर्ध्या, तर वरच्या तीनपैकी एक डीओ गेला. खालच्या पेटीतला फ्यूज, म्हणजे किटकॅट, गेला असता तर एकच फेज *पूर्ण बंद* पडली असती आणि बाकीच्या दोन नीट राहिल्या असत्या.

आणि तिसरी शक्यता याहून वाईट. काही घरांत पंखे मंद आणि त्याच वेळी काही घरांत दिवे भगभगायला लागले, टीव्ही जळाले, तर न्यूट्रल तुटलाय. मग दोन फेजचे 433 व्होल्ट मधल्या घरांत लोडप्रमाणे वाटले जातात आणि कमी लोडच्या घराला 300 च्या वर मिळू शकतात. तेव्हा विचार करत बसायचं नाही, आधी मेन स्विच पाडायचा.

अर्धी लाईट आहे हे ओळखायला आता दिव्याकडे बघून भागत नाही. एलईडी 120 व्होल्टवरही बऱ्याचदा नेहमीसारखा जळतो. पंख्याकडे बघ, तो लगेच मंदावतो. अशा वेळी फ्रिजचा प्लग आधी काढ. त्याची मोटार कमी व्होल्टवर फिरू शकत नाही, नुसती गुणगुणत राहते आणि तापते. पिठाच्या गिरणीच्या आणि विहिरीवरच्या थ्री-फेज मोटारी तर अशाच एका संध्याकाळी जळतात.

ट्रान्सफॉर्मर जळतो म्हणजे आत नेमकं काय जळतं?

कागद. तांबं किंवा ॲल्युमिनियम शेवटी वितळतं, पण सुरुवात तारेभोवतीच्या कागदापासून होते. सतत जास्त लोड राहिला की कागद करपून ठिसूळ होतो. ढोबळ नियम असा की दर 6 अंश जास्त उष्णतेला कागदाचं आयुष्य निम्मं होतं. मग एक दिवस शेजारशेजारचे दोन वेढे एकमेकांना टेकतात.

इथे पुन्हा 5 व्होल्टचाच हिशेब. टेकलेला तो एक वेढा आता बंद कडं झाला. त्यात व्होल्ट फक्त 5, पण मीटरभर तारेचा विरोध ओहमच्या शंभराव्या भागाएवढा. त्यातून शेकडो अँपिअर फिरू पाहतात आणि ती तर फक्त 3 अँपिअरसाठी बनवलेली तार. ती वितळते, शेजारच्या वेढ्यांचा कागद जाळते, तेलाचा वायू होतो आणि टाकी फुगते.

खालच्या पेटीतला फ्यूज हे सगळं अडवायलाच असतो. पण मी उघडलेल्या ट्रान्सफॉर्मरबरोबर आलेल्या पेट्यांमध्ये फ्यूजच्या जागी तारेचे चार-चार पदर पिळून घातलेले अनेकदा दिसायचे. फ्यूज वारंवार उडतो म्हणून कुणीतरी कंटाळून तसं करतं. मग फ्यूज उडत नाही, त्याच्या जागी ट्रान्सफॉर्मर उडतो, आणि नवा येईपर्यंत ऊस वाळतो.

हे उलटं चालतं का? खालून 230 दिले तर वर 11 हजार येतील?

येतात. लोखंडाला वरचं-खालचं कळत नाही. खालच्या 50 वेढ्यांना 230 दिले तर प्रत्येक वेढ्याला 4.6 आले, आणि वरच्या 2200 वेढ्यांत 10,120 व्होल्ट.

2019 आणि 2021 च्या महापुरात कोल्हापूरचे बरेच भाग अंधारात होते. अशा वेळी लोक घरी जनरेटर आणतात. तो चेंजओव्हर स्विचमधून जोडला तर घर गावाच्या तारेपासून तुटतं आणि काही अडचण नाही. पण घाईत कुणी जनरेटरची वायर सरळ घरातल्या सॉकेटात खुपसली आणि मेन स्विच चालू राहिला, तर तुझ्या घरचे 230 व्होल्ट मीटरमधून बाहेर पडून डीपीपर्यंत जातात आणि वरच्या, बंद म्हणून समजलेल्या तारेवर 10 हजार होऊन उभे राहतात. बहुतेक वेळा गल्लीचा लोड एवढा असतो की जनरेटर लगेच बंद पडतो. पण गल्लीतल्या सगळ्यांनी मेन स्विच पाडलेले असतील, खालची लाईन तुटलेली असेल, तर तो चालू राहतो. आणि त्याच वेळी पलीकडच्या खांबावर कुणीतरी तुझी लाईट आणण्यासाठी चढलेला असतो.

म्हणून जाणता वायरमन सबस्टेशनमधून लाईन बंद केल्याचं कळलं तरी लगेच तारेला हात लावत नाही. गँग स्विच उघडतो, डीओ काढतो, तार मेलेली आहे का ते काठीने तपासतो, आणि काम करायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना तिन्ही तारा साखळीने एकमेकींना आणि जमिनीला बांधतो. मग कुठूनही काही आलं तरी ते त्याच्या अंगातून न जाता साखळीतून जमिनीत जातं.